"काहीही बदलणार नाही" असं लिहून मोकळे होतात, आणि भोगायचं आम्ही

जानेवारीच्या शेवटी मॅनेजर बदलला आणि एचआरचा मेल आला. तीन पॅरेग्राफ नवीन साहेबांचा अनुभव, कुठली कुठली अकाउंट्स सांभाळली, एमबीए कुठून केलं, सुट्टीच्या दिवशी ट्रेकिंग आवडतं वगैरे. मग शेवटी एक ओळ, की टीमने काळजी करू नये, सगळं आहे तसंच चालू राहील. झालं. लगेच रिप्लाय ऑल करून सगळ्यांचं वेलकम वेलकम सुरू.

माझा राग नव्या माणसावर नाहीये, तो चांगलाच वाटतोय. राग आहे ही ओळ लिहिणाऱ्यांवर. काही बदलणार नाही हे कशाच्या जोरावर सांगता? टीममधल्या एका तरी माणसाला विचारलंत का, तुझं जुन्या मॅनेजरकडे काय काय अडकलंय म्हणून?

आमचं अप्रेझलचं वर्ष एप्रिल ते मार्च. दहा महिने काम बघितलं जुन्याने, आणि रेटिंग देणार नवीन, कारण सिस्टीममध्ये रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव बदललं की तो अधिकार आपोआप नव्याकडे जातो. आता गोल शीटमध्ये गोल लिहिलेले असतात, पण दिवाळीत प्रॉडक्शनला इश्यू आला तेव्हा रात्रभर कॉलवर कोण बसलं, नवीन पोरांना कोणी शिकवलं, हे तिथे नसतं, ते जुन्या मॅनेजरच्या डोक्यात असतं आणि तो गेला की त्याच्याबरोबर जातं. वर्ष संपलं की नॉर्मलायझेशनची मीटिंग होते. वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या असतात, एकाला वर घेतलं की दुसरा खाली येतो, म्हणून प्रत्येक मॅनेजर आपल्या माणसांसाठी भांडतो. बाकीच्यांकडे अख्ख्या वर्षाची उदाहरणं असतात. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आलेला माणूस, तो काय बोलणार? त्याची इच्छा असली तरी हातात काही नाही. मग टीमच्या टीम मधल्या रेटिंगमध्ये जाऊन बसते आणि फीडबॅकमध्ये कोणालाही चिकटवता येतील अशी दोन वाक्यं येतात. तशी वाक्यं आली की समजून जा, तुमचं वर्ष कोणी वाचलेलंच नाही.

आणि वेळ नव्हता असं तर अजिबात सांगू नका. जुन्या मॅनेजरचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा होता. त्या तीन महिन्यांत क्लायंटसाठी केटीची, म्हणजे काम दुसऱ्याला समजावून द्यायची सेशन्स झाली, ट्रॅकर झाला, कोणत्या एस्कलेशनला कोणाला फोन करायचा त्याची शीट झाली, सगळ्यावर साइन-ऑफ घेतला. क्लायंटला एक दिवस त्रास होऊ नये म्हणून एवढं सगळं जमतं, आणि टीममधल्या प्रत्येक माणसाबद्दल अर्धं पान लिहून घ्या, त्याला दाखवा, सिस्टीममध्ये सेव्ह करा, मगच जुन्याला रिलीज करा, एवढं मात्र जमत नाही?

दुसरं म्हणजे पेंडिंग रिक्वेस्ट. टीममधल्या एकाने रिलीजसाठी शनिवार रविवार काम केलं, त्याच्या बदल्यात सुट्टी म्हणून कॉम्प-ऑफ टाकला, तो जुन्या मॅनेजरच्या लॉगिनला पडून राहिला. शेवटच्या दिवशी त्याचं लॉगिन बंद. आता रिक्वेस्ट अप्रूव्हही नाही आणि रिजेक्टही नाही. नव्या मॅनेजरला ती दिसतच नाही, कारण नाव बदलल्यानंतर टाकलेल्या रिक्वेस्टच त्याच्याकडे जातायत. एचआरला तिकीट टाकलं तर उत्तर आलं की मॅनेजरकडून अप्रूव्ह करून घ्या. अरे कोणत्या मॅनेजरकडून?? आणि कॉम्प-ऑफ ठरावीक मुदतीत घेतला नाही की लॅप्स, त्या घड्याळाला मॅनेजर बदललेला कळत नाही.

सगळ्यात वाईट हाल तोंडी कबूल केलेल्या गोष्टींचे. एका मुलीच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, जुन्या मॅनेजरने तिला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला सांगितलं होतं, सगळ्या टीमला माहीत होतं, कामही कधी अडलं नाही. नवा मॅनेजर म्हणतो, मेलवर अप्रूव्हल आहे का? नाहीये. त्याचंही चूक नाही, उद्या त्यालाच विचारतील. पण ती पोरगी आता घरचं सगळं दुःख पुन्हा पहिल्यापासून एका अनोळखी माणसाला सांगत बसलीये, आणि वर हे म्हणतात सगळं तसंच चालू राहील.

त्या मेलमध्ये ट्रेकिंगच्या जागी चारच गोष्टी लिहायला हव्या होत्या. अप्रूव्हल कोणत्या तारखेपासून कोणाकडे, जुन्या पेंडिंग रिक्वेस्ट कोण आणि कधीपर्यंत क्लिअर करणार, आधीच्या दहा महिन्यांचा रिव्ह्यू कोण लिहिणार, आणि ज्या सवलती तोंडी दिल्यात त्या निदान नव्या मॅनेजरशी बोलणं होईपर्यंत तशाच राहतील. मी हेच एचआरला मेल करून विचारलं. उत्तर आलं, तुमच्या नवीन मॅनेजरशी बोला. त्यांच्याशी बोललो तर ते म्हणाले, मलाही तोच मेल आलाय जो तुम्हाला आला.