चिप्सचा खप कमी होऊ न देता चिप्सविरोधी भाषण कसं करावं

सप्टेंबर उजाडला की राष्ट्रीय पोषण माह सुरू होतो आणि शाळेतून निरोप येतो, "परिपाठात मुलांना आहारावर चार शब्द सांगा." घाबरून जाऊ नका. भाषण दणक्यात व्हावं, टाळ्या पडाव्यात आणि तरीही मोठ्या सुट्टीत समोरच्या टपरीवर टांगलेल्या चिप्सच्या माळेतलं एकही पाकीट कमी विकलं जाऊ नये, हे दिसतं तितकं अवघड नाही. महाराष्ट्रात ते दरवर्षी शेकडो वक्त्यांना जमतं. फक्त तंत्र सोडायचं नाही.

पहिली गोष्ट वेळेची. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा होईपर्यंत मुलं उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकू लागलेली असतात. माइक त्यानंतर हातात घ्या आणि पंचवीस मिनिटं सोडू नका. पहिलीतल्या आणि दहावीतल्या मुलांना एकच भाषण द्या. चार मिनिटांत एकच गोष्ट सांगून खाली बसणारा वक्ता मुलांच्या लक्षात राहण्याचा धोका असतो.

सुरुवात भीतीने करा. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असा क्रम ठेवा. दहा वर्षांच्या मुलाला चाळिशीत होणाऱ्या आजाराची भीती सकाळी साडेसातला वाटते आणि साडेदहाला सुट्टीची घंटा झाली की जाते. तेवढी पुरे.

मग हुकमाचं पान टाका: "मुलांनो, चिप्समध्ये प्लास्टिक असतं!" पुरावा म्हणून खिशातून काडेपेटी काढा, एक काप पेटवा आणि तो कसा भडभडा जळतो ते दाखवा. मुलं आ वासून बघतील. चिप्स जळतात, कारण त्यांच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग तेल असतो आणि पाणी जवळपास नसतंच, हे मात्र बोलून जाऊ नका. शंभर ग्रॅम चिप्समागे 33 ते 35 ग्रॅम चरबी हा आकडा पाकिटाच्या मागेच छापलेला असतो आणि प्लास्टिकच्या अफवेपेक्षा तो जास्त बोलका आहे. म्हणूनच तो टाळायचा. पुढे सगळं आपोआप होतं. आठवीतल्या एखाद्याला आठवतं की टाचणीला टोचलेला शेंगदाणाही असाच जळतो. तो हे मधल्या सुट्टीत वर्गाला सांगतो, आणि तुमच्या प्लास्टिकसोबत तुमचं बाकीचं भाषणही निकालात निघतं.

पाकिटातल्या हवेबद्दलही असंच करा. "अर्धं पाकीट हवा, तुमची फसवणूक!" असं ओरडा. ती साधी हवा नसून नायट्रोजन असतो. तो तेलाला खवट होऊ देत नाही आणि काप चुरडू देत नाही. दहावीच्या मुलांनी खवटपणाचा भाग विज्ञानात नुकताच वाचलेला असतो. शेवटच्या रांगेत खसखस पिकली तर ती दाद समजा.

एक प्रयोग मात्र चुकूनही करू नका, कारण तो खरा ठरतो. त्याला लागतात साध्या कोऱ्या कागदाचे तीन तुकडे. एकात चिप्सचे दोन काप, दुसऱ्यात मूठभर फुटाणे, तिसऱ्यात केळ्याची चकती. कागद दुमडून तळहाताने दाबायचे, पाच मिनिटं तसेच ठेवायचे, मग खाणं झटकून कागद उजेडासमोर धरायचे. केळ्याचा डाग ओला दिसतो, पण अर्ध्या तासात वाळून जातो. फुटाण्यांचा कागद जवळपास जसाच्या तसा राहतो. चिप्सचा डाग पारदर्शक असतो आणि दुसऱ्या दिवशीही तसाच दिसतो, कारण तेल उडून जात नाही. हे कागद वर्गाच्या फळ्याशेजारी टाचणीने लावले, तर आठवडाभर ते तुमच्यापेक्षा जास्त बोलत राहतात. वक्त्याने स्वतःला असं मागे का पडू द्यावं?

फळांकडे वळलात की आवाज खाली आणा आणि म्हणा, "फळं खा, ताकद येते, बुद्धी वाढते." हा सल्ला तावून सुलाखून निघालेला आहे. अमेरिकेत मिखाल मायमरान आणि आयलेट फिशबाख यांनी 2014 साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. क्रॅकर बिस्किटं किंवा गाजर देताना 'याने ताकद येते', 'याने मोजता येतं' असं सांगितलं, तेव्हा मुलांनी ते कमी खाल्लं. काहीही न सांगता दिलं, तेव्हा जास्त खाल्लं. उपयोगाची वस्तू चवीला बेताचीच असणार, एवढं पोरांना शाळेत जाण्याआधीच कळलेलं असतं. तेव्हा पेरूला फक्त जीवनसत्त्व क म्हणा. मीठ-तिखट लावलेला कच्चट पेरू दातांखाली कसा करकरतो, हे सांगितलंत तर रांगेतल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटेल आणि तुमची मेहनत वाया जाईल.

आठवी-नववीच्या मुलांपुढे बोलताना तर फारच जपून. अमेरिकेतच ख्रिस्टोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांना खाद्यकंपन्या आपल्याला कशा गुंडाळतात, लहान मुलांना कशा जाहिराती दाखवतात, हे वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडायची वेळ आली तेव्हा त्या मुलांनी फळांसारखे बरे पदार्थ जास्त निवडले. ज्यांना नेहमीचं आरोग्याचं व्याख्यान मिळालं होतं, ती मुलं एवढी बदलली नाहीत. या वयात 'मोठ्यांचं ऐका' याला किंमत नसते. 'मोठे तुम्हाला मूर्ख समजतात' याला मात्र भरपूर असते. म्हणून हा विषय काढूच नका, आणि त्यातल्या गणिताकडे तर फिरकूच नका. पाच रुपयांच्या पाकिटावर निव्वळ वजन बारा ग्रॅम लिहिलं असेल, तर एकमान पद्धतीने किलोचा भाव निघतो सुमारे 417 रुपये. एक किलो चिप्सला साडेतीन ते चार किलो बटाटे लागतात. तीस रुपये किलोने ते झाले जास्तीत जास्त 120 रुपयांचे. साठ रुपये डझनाने घेतलेलं केळंही पाचच रुपयांना पडतं, पण साल काढून त्यात ऐंशी-नव्वद ग्रॅम खाणं मिळतं. नववीच्या पोराला फळ्यावर हे स्वतः सोडवायला दिलं, तर घरी जाऊन तो वडिलांनाही सोडवायला लावेल.

आता डबा. 'घरचंच खा' एवढंच म्हणून सोडून द्या. घरचं म्हणजे नेमकं काय आणि ते साडेदहापर्यंत टिकतं कसं, यात पडू नका. सात वाजता चिरलेलं सफरचंद साडेदहाला तपकिरी होतं. चिरल्यावर त्यातली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येऊन हे करतात, पण मुलाला ते कुजलेलंच वाटतं. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी त्यात पाच-दहा मिनिटं ठेवायच्या, मग धुऊन, पुसून डब्यात भरायच्या, एवढं केलं तरी हा रंग बराच लांबतो. पालकांना सांगू नका. पेरू, बोरं, डाळिंबाचे दाणे दप्तरात तग धरतात, सालासकट केळं पुस्तकांच्या वर ठेवलं तर टिकतं, पिकलेल्या चिकूचा मात्र वहीवर नकाशा उमटतो. हेही सांगू नका. पहिल्या आठवड्यात काळं सफरचंद आणि चिरडलेला चिकू निघाला की मूल स्वतःच टपरीकडे वळेल, तुम्हाला बोलावंही लागणार नाही.

खरी मेख कुरकुरीतपणात आहे. चिप्स खाताना मुलाला जो आवाज ऐकू येतो, त्यात निम्मी चव असते, आणि मऊ पोळीभाजी तिथे कधीच जिंकत नाही. जिंकतो तो पातळ पोह्यांचा चिवडा. पाव किलो पोहे मंद आचेवर भाजायचे. चिमूटभर तळहातावर चुरडले की त्यांचा भुगा झाला पाहिजे, वाकले तर अजून भाजायचे. तीन मोठे चमचे तेलाची फोडणी, त्यात पन्नास ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम डाळवं, कढीपत्ता, हळद, मीठ बेतानं. अशा चिवड्यात शंभर ग्रॅमला साधारण अठरा ग्रॅम चरबी येते, म्हणजे चिप्सच्या जवळपास निम्मी, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश शेंगदाण्यांची. हा काही उपासाचा पदार्थ नाही, मीठ सैल सोडलं तर पाकिटाशी बरोबरी करेल. पण मूल तो खातं. बिघडतो दोनच कारणांनी. गरम असताना डबा बंद केला की वाफ धरून चामट होतो, आणि फळाच्या फोडींशेजारी भरला की त्यांचं पाणी ओढतो. त्याला स्वतंत्र छोटी डबी लागते. भाषणात हे सगळं आलं, तर तुमचं भाषण आहे की पाककृती, असा प्रश्न पडेल. प्रतिष्ठेला जपा.

शेवटी उपस्थितांकडून शपथ घ्या. हात पुढे, आवाज मोठा. 'मी चिप्स खाणार नाही' हे पाचशे मुलांकडून एकसुरात म्हणवून घेतलं की ज्याच्या मनात चिप्स नव्हते, त्याच्याही मनात येतात. लगेच प्रश्नमंजुषेच्या विजेत्यांना क्रीमची बिस्किटं वाटा. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत अल्पोपाहाराची बशी येईल: समोसा, पेढा आणि मूठभर वेफर्स. ती खिडकीजवळ बसून खा. आतल्या पाहुण्यांनी काय खाल्लं, हे कळण्यासाठी मुलांना माइक लागत नाही.

खोलीत बसल्या बसल्या फाटकाबाहेरच्या टपरीचा विषय निघू शकतो. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात किंवा फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत आणि त्यांची जाहिरातही करू नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत आहे. मोजायला क्रीडाशिक्षकांकडची टेप पुरते, लांब उडीच्या खड्ड्यापाशीच पडलेली असते. ती मागू नका. टपरीवाल्याला चिप्सशेजारी केळ्यांचा घड आणि फुटाण्यांच्या पुड्या टांगायला सांगणं हा त्याहून सोपा उपाय आहे, आणि त्याच्या धंद्यालाही तो परवडतो. तोही सुचवू नका. आलेला पाहुणा असं काही बोलला की व्यवस्थापन समितीची बैठक लावावी लागते.

मग अहवाल. भाषणाचा फोटो, उपस्थिती, आणि फलनिष्पत्तीच्या रकान्यात 'विद्यार्थ्यांमध्ये जागृती झाली'. एवढ्यावर थांबा. मोठ्या सुट्टीनंतर कचरापेटीतली रिकामी पाकिटं मोजायला शिपाईमामांना पाच मिनिटं लागतात. भाषणाआधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, त्याच वारी मोजली तर फरक पडला की नाही ते कळतं. डब्यांतून परत गेलेल्या फोडी मोजल्या तर कुठलं फळ चाललं नाही, तेही कळतं. पण हे आकडे एकदा अहवालात गेले, की पुढच्या सप्टेंबरात वक्ता बदलावा का, अशी चर्चा शिक्षकखोलीत सुरू होते.