फोन ठेव म्हणायचं, पण कसं

आज ऑफिसात डबा खाताना एकाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की त्यांच्या ग्रुपमध्ये हॉटेलात बसले की सगळ्यांचे फोन टेबलावर एकावर एक रचतात आणि जो पहिला हात लावेल त्याने बिल भरायचं. सगळे हसले. मग दुसरा म्हणाला आमच्यात तर आम्ही सरळ हातातून हिसकावून घेतो. परत हशा. माझी भाजी तिथेच कडू झाली. अरे मित्र आहेत का शाळेतली पोरं? दंड काय, हिसकावणं काय. माणसाला नीट तोंडाने सांगता येत नाही का?

येतं. मी सांगितलंय, म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी मैत्रीण आणि मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोलीची चावी द्यायचा दिवस होऊन आठवडा झाला होता आणि मला कोणाला तरी ते सगळं सांगायचं होतं. म्हणजे बाबांनी सामान टेम्पोत चढवल्यावर परत वर जाऊन केरसुणीने अख्खी खोली झाडली. मी म्हटलं बाबा, पाडणार आहेत हो ही. तर म्हणाले, म्हणून काय घाण ठेवून जायचं? हे मी सांगतेय आणि बाई हसल्या. मला वाटलं बाबांच्या बोलण्यावर. नाही, मांडीवर फोन होता, कुठलातरी रील. वर म्हणते कशी, "ऐकतेय गं, बोल ना तू."

हे "ऐकतेय, बोल" खोटं नसतं, हाच तर घोळ आहे. शेवटचे तीन शब्द तिच्या कानात असतात, विचारलं तर ती म्हणूनही दाखवेल. पण तिचं "हं" अर्धा सेकंद उशिरा येतं आणि प्रत्येक वाक्याला सारखंच येतं, दुःखाच्या जागीही आणि गमतीच्या जागीही. त्यावरून कळतंच आपल्याला. आणि मग आपण काय करतो, गोष्ट आटपती घेतो. "असो, झालं एकदाचं" म्हणून विषय बदलतो आणि घरी जाऊन तीन दिवस धुमसतो. तिला पत्ताही नाही.

मी त्या दिवशी आटपतं घेतलं नाही. पण लगेच बोललेही नाही, तिचा अंगठा सरकत होता तोवर थांबले, कारण त्यावेळी काहीही म्हटलं तरी "हं" मिळतं आणि मग तेच मोठ्याने म्हणावं लागतं आणि मोठ्याने म्हटलं की भांडण. अंगठा थांबला, तिने वर बघितलं, तेव्हा म्हटलं, "अगं, हे मला तुला नीट सांगायचंय, दहाएक मिनिटं लागतील. फोन जरा आत ठेवतेस? कोणाचा कॉल यायचा असेल तर घे बिनधास्त."

एवढंच. आणि मग गप्प बसले.

हे गप्प बसणं लोकांना जमत नाही. फोन ठेव म्हणतात आणि पुढच्याच श्वासात आपलीच गोष्ट परत सुरू करतात, मग समोरचा कशाला ठेवेल, त्याचं दोन्ही चालू राहतं. बोलून झालं की थांबायचं. अवघड जातं. त्या पाच-सात सेकंदांत पार्कात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा सगळा आरडाओरडा ऐकू आला मला.

आता त्या वाक्यात काय नव्हतं ते बघा. "तू नेहमी फोनवरच असतेस" नव्हतं. "नेहमी" म्हटलं की समोरचा वकील होतो, मागच्या वेळी तू नव्हतीस का, परवा कोण होतं. टोमणाही नव्हता. "मंत्रालयातून मेसेज आलाय का?" असं म्हणायची खूप खूप इच्छा होते, मला पण होते, पण टोमण्याला माणूस हसून टोमणाच परत देतो, फोन हातातच राहतो. आणि तिथे तिसरं कोणी नव्हतं. चारचौघांत हे म्हणायचंच नाही, मग ती विनंती राहत नाही, पाणउतारा होतो. ग्रुपमध्ये असाल तर उठून चहा आणायला जाताना सोबत घ्या आणि बाजूला सांगा. मुदत मात्र पाहिजेच, दहा मिनिटं म्हटलं की कोणीही ठेवतं, "आज फोन नको" म्हटलं की जीव घाबरतो.

तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. मला माहीत होतं काय होणार, एक मिनिटात तो थरथरला आणि तिची नजर खाली गेली, उचलला नाही बिचारीने पण वाक्य तुटलंच. उलटा ठेवलेला फोन म्हणजे दार लोटलेलं, कडी नाही. तेव्हा मी माझा काढून माझ्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली, काही न बोलता. खरं तर हे मी आधीच करायला हवं असं कोणीतरी म्हणेल, म्हणा. तिने बघितलं आणि तिचाही आत गेला, पण जाताना म्हणाली, "लेकाचा क्लास सुटेल गं, तो फोन करेल."

बरं. हे मान्य. आई आजारी असते, पोर रस्त्यात असतं, ऑन-कॉल ड्युटी असते, मुंबईत लोकल बंद पडली की घरचे पंधरा फोन करतात, सगळेच काही रील बघत नसतात. पण त्याला उपाय फोनमध्येच आहे की. डू नॉट डिस्टर्ब लावायचं आणि लेकाचा नंबर त्यात अपवाद म्हणून टाकायचा, त्याचा वाजेल, बाकीच्यांचा नाही. शिवाय परत परत कॉल करणाऱ्याला वाट द्यायचं सेटिंग असतं, ते चालू असेल तर त्याच माणसाचा दुसरा कॉल आयफोनमध्ये 3 मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडमध्ये 15 मिनिटांच्या आत आला तर वाजतोच. तिथेच कट्ट्यावर लावून दिलं तिला. तिचा चेहरा जो सैल झाला ना, तेव्हा मला कळलं की निम्मा वेळ ती रीलसाठी नाही, तो कॉल चुकेल या धास्तीने फोन हातात धरून होती आणि हातात आहे म्हणून रील. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

मग मी केरसुणीपासून परत सांगितलं. "मी काय म्हणत होते सांग बघू" असली परीक्षा घेतली नाही, शेवटी "बघ फोन ठेवला की किती छान वाटतं" असलं प्रमाणपत्रही दिलं नाही, ते म्हटलं की पुढच्या वेळी कोणी ठेवत नाही. केरसुणीच्या जागी ती गप्प झाली. मग म्हणाली, "आणि केर कुठे टाकला मग?" हे मला कोणीच विचारलं नव्हतं. टाकलाच नव्हता, बाबांनी जुन्या पेपरात गुंडाळून टेम्पोत घेतला आणि नव्या भाड्याच्या जागेच्या खाली डब्यात टाकला. हे सांगताना मला रडू आलं, पहिल्यांदा सांगायला बसले होते तेव्हा नव्हतं आलं.

आणि ते फोन रचणारे म्हणे यातून सवय लागते. कसली सवय, बिल टाळायची.

एक मात्र आहे. दोनदा प्रेमाने सांगूनही जो तिसऱ्यांदा फोन काढतो, असा आहे माझा एक मित्र, त्याला मी आता सांगायचं सोडलंय. काही बोलायचं असलं की त्याला घेऊन संध्याकाळी सहा वाजता दादर स्टेशनपासून रानडे रोडने चालत सुटते. त्या गर्दीत फोनमध्ये बघत चालून दाखव म्हणावं.