अर्धी वाटी गूळ आणि फोनातली बाई

गेल्या चतुर्थीला खतखते करताना गूळ थोडक्यात बचावला. डिचोलीच्या मावशीने व्हॉट्सॲपवर लांबलचक कृती पाठवली होती. माझे हात सुरण चिरून खाजत होते, म्हणून फोन मिक्सरच्या बाजूला उभा केला आणि त्यालाच वाचायला लावलं. भाज्यांची यादी बाईने छान वाचली: नीरफणस, मुळा, शेंगा, कणसं. मग म्हणाली, "एक दोन वाटी गूळ." मी डबा उघडला, पण मनात पाल चुकचुकली. खतखत्यात दोन वाट्या गूळ? ते खतखते की पायस? हात पुसून बघितलं तर मावशीने लिहिलं होतं "१/२ वाटी".

यात दोष मावशीचा नाही आणि बाईचाही फारसा नाही. आवाज काढण्याआधी यंत्राला एक काम करावं लागतं: आकडे, खुणा, संक्षेप यांचे शब्द बनवायचे. "१/२" म्हणजे अर्धा, एक फेब्रुवारी, की दोनपैकी पहिला भाग, हे आपण आजूबाजूचं वाचून ओळखतो. यंत्र तिथे अंदाज बांधतं आणि तो चुकला की त्याच ठाम आवाजात चुकीचं सांगतं. अडखळत नाही, हीच पंचाईत. माणूस वाचत असता तर "हे काय गं?" म्हणून थांबला असता. म्हणून माझा नियम असा की ज्यात मोजमाप आहे ते नुसतं ऐकून करायचं नाही. आता कृती आधी नोट्समध्ये चिकटवते, "१/२" चं "अर्धी", "२-३" चं "दोन ते तीन" करते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम देते. विरामचिन्हं नसली की बाई एका दमात सगळं ओकते. तेफळं कुठे संपली आणि आमसुलं कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. औषधाचे डोस असतील तर मात्र हेही करत नाही, डोळ्यांनीच वाचते.

दुसरी गोष्ट आवाजाची. कितीतरी जणांचा फोन मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतो आणि त्यांना वाटतं की मराठी यंत्राला येतच नाही. लिपी एकच, त्यामुळे हिंदी आवाज बिनधास्त वाचत सुटतो. ओळखायचं कसं? "चोर" आणि "चहा" ऐकून बघा. आपल्याकडे या दोन्ही "च" वेगळ्या आहेत, लिहिताना मात्र सारख्याच, आणि हिंदीत चोरातली "च" नाही. "झालं, केलं" हेही ऐका. शेवटचा अनुस्वार नाकात गेला तर आवाज हिंदीचा समजा.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये शोधून `Text-to-speech output` उघडा. गूगलचं इंजिन असेल तर बाजूच्या चाकातून आवाजांच्या यादीत जा आणि मराठी उतरवून घ्या. एकदा उतरवलं की नेट नसतानाही चालतं, आमच्या फोंड्याच्या वाटेवर हे फार उपयोगी पडतं. पडद्यावरचा मजकूर वाचून घेण्यासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीत `Select to Speak` सुरू करा. लांब मेसेज असेल तर आधी `Read more` दाबा, नाहीतर बाई तिथेच गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल कृती संपली.

चालताना मात्र हा प्रकार मला मनापासून आवडतो. मिरामारहून दोनापावलाकडे जाताना एखादा लांब लेख लावते. एकाच कानात, कारण आपल्याकडे फूटपाथ मध्येच संपतो आणि मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. गोष्ट, आठवणी, युक्तिवाद, असं सलग गद्य कानाला झेपतं. आकड्यांनी भरलेला अर्थसंकल्पाचा लेख नाही झेपत. वेग एरवी सव्वापट, वारा असला की नेहमीचाच. पेपरचं पान फोटो म्हणून फिरतं, ते मात्र माझ्या फोनातल्या बाईला वाचता येत नाही. तिला अक्षरं लागतात, चित्र नाही.

शेजारच्या काकी रोमी कोंकणीत मेसेज पाठवतात, ते एकदा गंमत म्हणून ऐकले. इंग्रजी आवाजाने "mhojem" चं जे काही केलं ते ऐकून काकी स्वयंपाकघरात खाली बसून हसल्या.

मावशीला गुळाचा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अगे, माझी आई लिहायचीच 'अर्धी वाटी'. ते १/२ तुमच्या शाळेतून आलं." पुढच्या कृतीत तिने "चिमूटभर हळद, बोटाच्या पेराएवढा गूळ" असं लिहून पाठवलं. बाईने एकही अक्षर न चुकता वाचलं. पेर कोणाचं, हे विचारायला मलाच फोन करावा लागला.