काठी एकाची, नळी दुसऱ्याची

«दादा, वाडीतल्या बांधाच्या भांडणात ज्याच्या डोक्यात काठी बसली तो सतराव्या दिवशी दवाखान्यात वारला. रात्री घशातली नळी तुंबली आणि कुणी बघितलंच नाही, असं सगळे म्हणतात. म्हणजे मारलं डॉक्टरांनी. मग पोरावर खुनाचा गुन्हा कसा? तुमच्या इंग्लंडात तर असा माणूस सुटतो ना?»

मावसभावाचा हा निरोप पहाटे आला. पोरगा त्याच्या शेजाऱ्याचा. मी सातारला नऊ वर्षं फौजदारी वकिली केली आणि आता लीड्समध्ये बचावाच्या वकिलांच्या कचेरीत काम करतो, म्हणून घरच्या ग्रुपवर असले प्रश्न माझ्याच दारात येतात.

«सुटतो» ही समजूत कुठून आली ते मला ठाऊक आहे. ती जॉर्डनच्या खटल्यातून आली, आणि तो खटला उभा राहिला होता याच लीड्समध्ये. १९५६ साली हल शहरात एका माणसाला पोटात भोसकलं. आतडं दोन जागी फाटलं, ते शिवलं, आणि आठव्या दिवशी माणूस गेला. जॉर्डनला फाशी सुनावली गेली. अपिलात कीथ सिम्प्सनसारख्या डॉक्टरांची नवी साक्ष आली आणि चित्र पालटलं. मरतेवेळी जखम बहुतेक भरून आली होती. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून टेरामायसिन दिलं होतं, ते त्याला सोसेना म्हणून थांबवलं, आणि दुसऱ्या डॉक्टरने ते पुन्हा सुरू करायला सांगितलं. वर शिरेतून इतकं पाणी चढवलं की फुप्फुसं भरली. शिक्षा रद्द झाली.

माझी बायको इथल्या वॉर्डात नर्स आहे. तिला हे सांगितलं तर ती कायद्याकडे वळलीच नाही. «औषध थांबवल्याचं चार्टवर लिहिलं होतं की नाही?» एवढंच तिने विचारलं, आणि मग तिच्या वॉर्डातल्या एका आजोबांची गोष्ट सुरू झाली. त्यांच्या मनगटावर ॲलर्जीचा लाल पट्टा होता, तरी रात्रपाळीत पेनिसिलिनची बाटली स्टँडला लटकली होती. हिने ती चालू व्हायच्या आधी काढली. तिचा मुद्दा खटल्याचा नव्हता, पण माझ्या कामाचा निघाला. तो पुढे येतो.

वाडीतल्या प्रकरणाशी जुळणारा खटला जॉर्डनचा नाहीच, चेशायरचा आहे, आणि तो ग्रुपवर कुणी वाचलेला नसतो. १९८७च्या डिसेंबरात फिश अँड चिप्सच्या दुकानात भांडण झालं आणि एकाला मांडीत आणि पोटात गोळ्या लागल्या. श्वासासाठी त्याच्या घशाला भोक पाडून नळी बसवली. नळी निघाल्यावर तो म्हणत राहिला, श्वास घेता येत नाही. डॉक्टरांना ती घबराट वाटली. प्रत्यक्षात नळीच्या जागी श्वासनलिका आतून आवळत चालली होती. दोन महिन्यांनी तो गेला, आणि तोवर गोळ्यांच्या जखमांपासून जिवाला धोका उरला नव्हता. तरीही १९९१च्या अपिलात गोळी घालणारा सुटला नाही. उपचार निष्काळजी असले तरी नळी आली ती गोळीमुळे, असं कोर्टाने धरलं. उपचारातली चूक आरोपीच्या कृत्यापासून इतकी सुटी आणि इतकी जबरदस्त हवी की मूळ कृत्य तिच्यापुढे नगण्य ठरावं. वकील ज्याला लॅटिनमध्ये नोव्हस ॲक्टस इंटरव्हेनियन्स, म्हणजे मधेच शिरून मूळ कृत्याची साखळी तोडणारं नवं कृत्य म्हणतात, तो दरवाजा इथेही इतकाच किलकिला आहे.

हे लिहिल्यावर मामा ग्रुपवर आले. मामा निवृत्त हवालदार. «सतरा दिवस झाले म्हणजे तीनशे दोनचं तीनशे चार होतंच,» त्यांनी ठोकून दिलं. मामांचं अर्धं बरोबर आहे. दिवस लांबले, मधे वेगळाच आजार शिरला, की खुनाचा आरोप उतरून सदोष मनुष्यवधावर येतो, असं आपल्याकडे अनेकदा झालं आहे. पण दिवसांचा हिशेब म्हणजे नियम नव्हे. प्रसाद प्रधान खटल्यात जखमी माणूस वीस दिवसांनी वारला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की मधे काही दिवस गेले एवढ्यावरून खुनाचा गुन्हा आपोआप खाली येत नाही. शिवाय भांडण १ जुलै २०२४ नंतरचं आहे, तेव्हा आता कलमं जुन्या दंडसंहितेची नव्हेत, भारतीय न्याय संहितेची, खुनाला १०३ आणि सदोष मनुष्यवधाला १०५. मामांना हे पटलं नाही. त्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, आणि त्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ «बघू» असा असतो.

आपल्या कायद्यात इंग्लंडात नाही अशी एक गोष्ट थेट लिहून ठेवली आहे. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येखालचं दुसरं स्पष्टीकरण, पूर्वी कलम २९९ खाली आणि आता १०० खाली, सांगतं की जखमेमुळे मृत्यू आला, तर योग्य आणि कुशल उपचारांनी तो टळला असता, या सबबीवर जखम करणारा सुटत नाही. परदेशी आल्यावर सुरुवातीला मला हे रांगडं वाटायचं. आता वाटत नाही. ज्या वाडीतून सीटी स्कॅनला दोन तास गाडी लागते, तिथे «चांगल्या दवाखान्यात वाचला असता» हा बचाव मान्य केला, तर गरिबाच्या डोक्यात काठी घालणं स्वस्त होईल. जखमी माणूस आधी भगताकडे गेला किंवा सही करून डिस्चार्ज घेऊन घरी आला, तरीही हेच. इंग्लंडने १९७५ मध्ये ब्लॉच्या खटल्यात जवळपास हेच केलं. भोसकलेल्या मुलीने धर्माच्या कारणाने रक्त घ्यायला नकार दिला, आणि कोर्टाने आरोपीला बजावलं की बळी जसा आहे तसा, श्रद्धेसकट, तुझ्या वाट्याला आला.

पण त्या स्पष्टीकरणात फट आहे. चांगला उपचार मिळाला नाही, याबद्दल ते बोलतं. उपचारानेच मारलं तर काय, यावर गप्प आहे. जॉर्डनचं प्रकरण सातारला घडलं असतं तर काय झालं असतं? माझ्या मते सुटका तिथेही शक्य होती, कारण स्पष्टीकरणाची सुरुवातच «जखमेमुळे मृत्यू आला» या अटीने होते. माझे सातारचे सीनियर याच्या उलट मत देतात, आणि आमचा हा वाद फोनवर तीनदा झाला आहे.

मला घरच्या पद्धतीची चिंता कलमात वाटत नाही, कागदात वाटते. इथे संशयास्पद मृत्यूत बचाव पक्षाला स्वतःच्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं शवविच्छेदन करून घेता येतं, आणि वॉर्डाच्या नोंदी आमच्या टेबलावर येतात. आपल्याकडे शवविच्छेदनाच्या अहवालात शेवटी एक ओळ असते, «डोक्याच्या जखमेची गुंतागुंत», आणि खटला त्या ओळीवर तरून जातो. ती गुंतागुंत म्हणजे मेंदूची सूज, न्यूमोनिया की तुंबलेली नळी, हे डॉक्टरला उलटतपासात कुणी विचारतच नाही. बायकोचा चार्टचा प्रश्न इथे बसतो.

मावसभावाला मी तीन गोष्टी कळवल्या. वकिलाने अतिदक्षता विभागाचा नर्सिंग चार्ट कोर्टामार्फत मागवावा, त्यात नळी साफ केल्याच्या वेळा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे तासागणिक असतात. शेवटच्या स्कॅनमध्ये मेंदूची सूज उतरत होती की वाढत होती ते पाहावं. सूज वाढत असेल तर नळीचा मुद्दा सोडून द्यावा, काठीनेच मारलं. उतरत असेल तरी पोरगा पूर्ण सुटेल असं मी म्हणणार नाही, चेशायर आठवा. फार तर १०३ वरून खाली यायला वाव मिळेल. आणि डॉक्टरांची घोर निष्काळजी निघाली तर तो त्यांच्यावरचा वेगळा गुन्हा, एकाच्या दोषाने दुसऱ्याचा पुसला जात नाही.

उत्तर रात्री आलं. «चार्ट मागितला. दवाखाना म्हणतो, पहिल्या बारा दिवसांचा सापडतोय.»