कारखान्याच्या शॉपवरचा अर्धवट माल कच्चाही नाही आणि तयारही नाही

“स्टॉक दोनच प्रकारचा: कच्चा आणि तयार. शॉपवरचा अर्धवट माल कच्च्यातच धरा, आज ना उद्या तो तयार होणारच. आणि शॉप मालानं भरलेलं दिसलं की समजायचं, काम जोरात आहे.”

असं म्हणणाऱ्यांसाठी गिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेत. एका नगाचं स्टील २०० रुपयांचं. कटिंग, टर्निंग आणि दात पाडायचं हॉबिंग होईपर्यंत मजुरी, वीज, टूल धरून त्यावर १५० रुपये चढतात. पुढे हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंगचे आणखी १५०. तयार गिअर पडतो ५०० रुपयांना.

३१ मार्चला हॉबिंग झालेले ४०० नग पडून आहेत. त्यांची खरी किंमत १,४०,००० रुपये. कच्च्यात धरले तर ८०,०००च दिसतात. उरलेले ६०,००० खर्च झालेत, पण स्टॉकमध्ये कुठेच नाहीत. यंदाचा नफा तेवढ्यानं घटतो आणि पुढच्या वर्षी माल विकला गेला की तेवढाच फुगतो. हेच नग तयार मालात धरले तर न केलेल्या कामाचे ६०,००० स्टॉकमध्ये घुसतात.

मालाचा स्वभावही बदललेला असतो. अखंड बार दुसऱ्या पार्टला चालतो. दात पाडले की नग एकाच ड्रॉइंगचा झाला. ऑर्डर रद्द झाली तर त्याला भंगाराचा भाव.

तो तयार होईलच याचीही खात्री नाही. हीट ट्रीटमेंटहून आलेल्या लॉटचा बोअर, म्हणजे गिअरचं मधलं भोक, कधी आवळलेलं असतं, कधी हार्डनेस कमी भरतो, आणि एका भट्टीतला सगळा लॉट अडकतो. म्हणून विक्रीच्या किमतीतून पुढचा खर्च वजा करून उरणारी रक्कम लागलेल्या खर्चापेक्षा कमी असेल, तर स्टॉक त्या कमी रकमेलाच दाखवावा लागतो. आणि हीट ट्रीटमेंटवाल्याकडे चलनावर गेलेले नगही आपलेच. मोजणीत हेच हमखास सुटतात.

‘काम जोरात’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. समजा, ग्राइंडिंगपुढे ४०० नग आहेत आणि मशीन दिवसाला ४० काढते. म्हणजे आज रांगेत लागलेल्या नगाचा नंबर दहा दिवसांनी येणार. हॉबिंगला आज सेटिंग चुकलं तर ते ग्राइंडिंगला किमान दहा दिवसांनी कळेल, तोवर चुकीच्या नगांचा ढीग झालेला असेल. खात्री करायची तर ट्रॉलीवरच्या रूट कार्डावरची शेवटच्या ऑपरेशनची तारीख बघा. ती जुनी आणि दातांवर गंज धरलेला, तर तिथे काम चाललेलं नाही, पैसा अडकलाय.

थोडा अर्धवट माल लागतोच. भट्टीला पूर्ण चार्ज हवा, आणि ग्राइंडिंग मशीन रिकामं बसू नये म्हणून त्याच्यापुढे दिवसा-दोन दिवसांचं काम हवं. रांग त्यापुढे गेली की हॉबिंग थांबवा, मग ते मशीन मोकळं दिसलं तरी चालेल.