चॅटबॉटची घसरण आठवड्यात दिसत नाही, बेरजेत दिसते

सांगली-तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एक चॅटबॉट आहे. खतं-औषधं विकणाऱ्या कंपनीचा आहे, नावाची इथे गरज नाही. त्याची उत्तरं तपासणाऱ्या छोट्या गटाचं काम मी बघतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते बऱ्याच आयटीवाल्या मित्रांना पटत नाही. डॅशबोर्डवर 'चुका अमुक टक्क्यांच्या वर गेल्या की कळवा' असा जो अलार्म सगळे लावतात, तो बॉट अचानक कोसळला तर कामाचा. हळूहळू घसरणाऱ्या बॉटसाठी तो जवळपास निरुपयोगी आहे. आणि बॉट बहुतेक वेळा हळूहळूच घसरतो.

आधी आम्ही तपासतो कसं ते सांगतो. दर सोमवारी गेल्या आठवड्यात संपलेल्या संभाषणांतून १०० संभाषणं कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलतो. तक्रारींवरून किंवा 'अंगठा खाली' केलेल्यांवरून आम्ही दर्जा मोजत नाही, कारण आपला बागायतदार अंगठा खाली करत बसत नाही. उत्तर पटलं नाही तर तो गप्प बसतो आणि दुकानदाराला फोन लावतो. तक्रारी वाचायच्याच, पण त्यांचा हिशोब वेगळा.

प्रत्येक संभाषणाला तीनच प्रश्न आणि उत्तर हो किंवा नाही. विचारलं त्याचंच उत्तर मिळालं का? दिलेली माहिती आमच्या कागदपत्रांशी जुळते का? माहीत नव्हतं तिथे बॉटनं माणसाकडे फोन वळवला का? कुठेही 'नाही' आलं की ते संभाषण सदोष. पाचपैकी किती तारे वगैरे आम्ही ठेवलं नाही. तीन आणि चार ताऱ्यांमधला फरक तपासणाऱ्याच्या मूडनुसार सरकतो.

तपासणारे दोघं. एक मिरजेची कृषी पदवीधर मुलगी आणि एक आप्पा, ज्यांची हयात द्राक्षबागेत गेली. मध्यंतरी बॉटची बरीच उत्तरं 'यासाठी स्थानिक कृषी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' अशी यायला लागली. ती म्हणाली, "आप्पा, यात चुकीचं काय आहे? खोटं तर काही सांगितलं नाही." आप्पा म्हणाले, "अगं पोरी, सल्ला घ्यायचा म्हणूनच त्यानं इथं इचारलंय न्हवं?" तेव्हापासून टाळाटाळ सदोष धरतो. दर्जा घसरतो तो नेहमी खोट्या माहितीच्या रूपानं नाही. बऱ्याचदा बॉट सभ्य, गुळगुळीत आणि बिनकामाचा होत जातो, आणि फक्त 'माहिती बरोबर का' एवढंच तपासलं तर सगळे गुण पूर्ण मिळतात.

आता आकडे. कंपनीचे खरे आकडे देणार नाही, गोल करून देतो. समजा बॉट ठीक चालू असताना १०० पैकी सरासरी १० संभाषणं सदोष निघतात. चिठ्ठ्या टाकून उचललेल्या १०० मध्ये नुसत्या नशिबानं हा आकडा सुमारे ३ ने खाली-वर होतो. एखाद्या आठवड्यात ७, एखाद्यात १३, आणि बॉट तोच. म्हणून प्रचलित पद्धत अशी की याच्या तिप्पट अंतरावर रेषा मारायची, म्हणजे १९ वर. ही कल्पना १९२४ मध्ये वॉल्टर श्यूहार्ट यांनी कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी मांडली आणि ढोबळ बिघाडासाठी ती आजही उत्तम आहे.

पण समजा बॉटचा खरा दोषाचा दर १० वरून १४ वर गेला. म्हणजे दर शंभरात चार शेतकरी जास्तीचे नाराज. तरी एखाद्या आठवड्यात १९ च्या वर आकडा जाण्याची शक्यता वीसात एक, फार तर थोडी जास्त. चार-चार महिने रेषा ओलांडलीच जाणार नाही आणि डॅशबोर्ड हिरवागार. मग रेषा खाली आणून १३ वर ठेवू म्हणाल, तर बॉट ठणठणीत असतानाही साधारण दर दोन महिन्यांनी खोटी बोंब उठेल. तिसऱ्या खोट्या बोंबेनंतर तो मेसेज कुणी उघडतसुद्धा नाही.

याहून वाईट एक पद्धत आहे आणि ती फार लोकप्रिय आहे: या आठवड्याची तुलना मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी करायची. घसरण हळू असेल तर ती सरासरीही बॉटबरोबरच घसरत जाते. दोघं हातात हात घालून खाली उतरतात आणि फरक कायम शून्याजवळ. पाया एकदा ठरवून गोठवायला हवा. बॉट नीट चालू होता तेव्हाचा १० हाच पाया, तो मुद्दाम विचार करून बदलला तरच बदलायचा.

मग करायचं काय? बेरीज ठेवायची. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये मांडलेली ही रीत, तिला क्यूसम म्हणतात. ठीकठाक पातळी १०, आपल्याला नको असलेली पातळी १४, मधला आकडा १२. दर आठवड्याच्या सदोष संख्येतून १२ वजा करायचे आणि उरेल ते मागच्या शिल्लकीत मिळवायचं. शिल्लक शून्याच्या खाली गेली तर शून्यच धरायची, म्हणजे जुन्या चांगल्या दिवसांची पुण्याई साठून आजची घसरण झाकली जात नाही. एक्सेलमध्ये B स्तंभात सदोष संख्या, C मध्ये शिल्लक, C2 मध्ये 0 आणि त्याखाली:

```
=MAX(0, C2+B3-12)
```

आता हे आठवडे बघा: ११, ९, १३, १२, १४, १३, १५, १४, १६. यातला एकही आकडा १९ च्या जवळ नाही. सुटा सुटा बघितला तर प्रत्येक जण 'नशिबाचा खेळ' म्हणून सुटतो. शिल्लक मात्र अशी चालते: ०, ०, १, १, ३, ४, ७, ९, १३. आमची धोक्याची रेषा १२ वर आहे, ती नवव्या आठवड्यात ओलांडली. खरा दर १० वरून एकदम १४ झाला असता तर ही रीत सरासरी सहा-सात आठवड्यांत ओरडते आणि बॉट ठीक असताना वर्षानुवर्षं सहसा ओरडत नाही. अजून लवकर कळायला हवं असेल तर रेषा खाली आणा किंवा जास्त संभाषणं तपासा. पहिल्यात खोट्या बोंबा वाढतात, दुसऱ्यात पगार. फुकट काही नाही.

रेषा आम्ही दोन ठेवल्या, ८ वर इशारा आणि १२ वर धोका. सांगलीकरांना हे समजावायला लागलं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि पातळीचा आकडा ऐकून कुणी गप्प बसत नाही, लगेच 'कोयनेतून किती सोडलंय?' हा पुढचा प्रश्न येतो. बॉटच्या बाबतीत हाच पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. इशाऱ्याला आम्ही फक्त सदोष संभाषणं एकत्र काढून वाचतो. धोक्याला मात्र कारण शोधल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही, असा नियम आहे. कारण आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टींनी वाढू शकतो: बॉट बदलला, तपासणारे बदलले, किंवा विचारणारे बदलले.

बॉट बदलला का, यासाठी ५० ठरलेले प्रश्न आहेत. ते दर आठवड्याला बॉटला विचारतो आणि ठरलेल्या उत्तरांशी ताडतो. पुरवठादारानं मागच्या मागे मॉडेलची आवृत्ती बदलली किंवा आमच्याच कुणी सूचनांमध्ये 'जरा जपून बोल' असं एक वाक्य घुसवलं तर ते इथे दिसतं. तपासणारे बदलले का, यासाठी दर आठवड्याच्या गठ्ठ्यात २० जुनी संभाषणं गुपचूप मिसळतो, ज्यांचा निकाल आधीच पक्का झालाय. शंभरात ती मोजत नाही. पूर्वी सदोष ठरलेली आता सुटायला लागली, किंवा उलटं झालं, तर घसरला आहे तो माणूस. हे होतंच. तेच तेच वाचून डोळा मुरतो.

नवव्या आठवड्यात या दोन्ही कसोट्या जागच्या जागी होत्या. म्हणजे बॉट तोच, आप्पा तेच. मग विषयवार फोड केली आणि उत्तर सापडलं. साध्या प्रश्नांत (दर, उपलब्धता, औषधाची माहिती) दोष शंभरात ६. 'फळ छाटणीला ३५ दिवस झालेत, आज काय मारू?' अशा दिवसाच्या हिशोबानं विचारलेल्या प्रश्नांत ३०. उन्हाळ्यात दिवसवार प्रश्न एकूणाच्या १५ टक्के होते, तेव्हा सगळं मिळून दोष ९.६. ऑक्टोबर छाटणीनंतर ते ३५ टक्के झाले आणि एकूण दोष १४.४. दोन्ही गटांत बॉटचं वागणं तसूभरही बदललेलं नव्हतं, बदललं होतं प्रश्नांचं प्रमाण. ५० ठरलेले प्रश्न उन्हाळ्यात निवडलेले, त्यामुळे त्यांत हे प्रश्न जवळजवळ नव्हतेच आणि ती कसोटी शांत राहिली.

इथे मालकांच्या पोराचं म्हणणं होतं, "म्हणजे बॉट बिघडला नाही ना दादा, मग अलार्म खोटाच की." मला हे अजिबात मान्य नाही. शेतकऱ्याला मिळणारी सेवा घसरली होती, अलार्म तेच सांगत होता. फक्त औषध वेगळं लागलं. मॉडेल बदलून उपयोग नव्हता, बॉटकडे छाटणीनंतरचं दिवसवार वेळापत्रकच कागदावर नव्हतं आणि म्हणून तो तज्ज्ञाकडे बोट दाखवत होता. वेळापत्रक घातलं, शिल्लक शून्यावर आणली आणि दोन गटांचे पाये वेगळे केले. बेदाण्याच्या दिवसांत तिसरा गट लागेल असं दिसतंय.

एक गोष्ट मात्र या सगळ्या रीतीत बसत नाही. १०० संभाषणांत घातक चूक एकही सापडली नाही, तरी तिचा खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. लिटरला द्यायचं प्रमाण एकराला सांगितलं, किंवा फवारणी आणि काढणीतलं अंतर चुकवलं, तर ३ टक्के हा आकडा भयंकर आहे. तिथे नमुना आणि बेरीज दोन्ही बाजूला. ज्या उत्तरात मात्रा किंवा दिवसांचं अंतर आहे असं प्रत्येक उत्तर जाण्याआधी लेबलवरच्या तक्त्याशी प्रोग्राम ताडतो आणि जुळलं नाही तर ते थेट आप्पांच्या फोनवर जातं. आप्पांनी त्यासाठी दुसरा फोन मागितलाय, मंजुरी अजून अडकली आहे.