'अ' जिंकणार, 'ब' संपणार: हिशेब नेमका कुठे चुकतो?

«शीतपेयाच्या दोन ब्रँडमध्ये 'अ' दर महिन्याला आपले ९० टक्के ग्राहक टिकवतो, 'ब' फक्त ८० टक्के. आज 'अ' ४० टक्क्यांवर आहे, पुढच्या महिन्यात ४८ वर जाईल. म्हणजे महिन्याला ८ टक्के. सात-आठ महिन्यांत 'ब' चा खेळ खलास. ट्रान्झिशन मॅट्रिक्स खोटं बोलत नाही.»

ट्रान्झिशन मॅट्रिक्स म्हणजे महिन्याभरात कुठल्या ब्रँडचे किती टक्के ग्राहक टिकतात आणि किती दुसरीकडे जातात याचा तक्ता. या दाव्यातला ४८ चा आकडा बरोबर आहे. 'अ' च्या ४० पैकी ३६ जण टिकतात, 'ब' च्या ६० पैकी १२ जण येऊन मिळतात. घसरण होते ती पुढे, 'महिन्याला ८ टक्के' म्हणताना.

दुसऱ्या महिन्याचं गणित करून बघा. 'अ' कडे आता ४८ आहेत, त्यातले ४.८ जातील. 'ब' कडे ५२ उरलेत, त्यातले १०.४ येतील. निव्वळ भर ५.६ ची, म्हणजे ५३.६. तिसऱ्या महिन्यात ५७.५२, भर जेमतेम ४ ची. 'अ' मोठा होतो तशी त्याची गळतीही मोठी होते आणि 'ब' कडे ओढून आणायला माणसं कमी उरतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की वाटा थांबतो. 'अ' च्या वाट्याचा १० टक्के भाग आणि 'ब' च्या वाट्याचा २० टक्के भाग समान व्हायचा तर 'अ' 'ब' च्या दुप्पट हवा, म्हणजे ६६.७ आणि ३३.३. 'ब' एक तृतीयांश बाजार धरून बसतो, संपत नाही.

«'अ' वाढणारच» हेही सरसकट खरं नाही. याच मॅट्रिक्समध्ये 'अ' ला ८० टक्क्यांपासून सुरू करा. ७२ टिकतील, ४ येतील, एकूण ७६. ग्राहक टिकवण्यात सरस असूनही 'अ' घसरला, कारण तो आपल्या ६६.७ च्या मुक्कामाच्या वर होता. मुक्काम कुठे, ते मॅट्रिक्स ठरवतं. सुरुवातीचा वाटा फक्त कुठल्या बाजूने तिथे पोचायचं ते सांगतो. (९० आणि ८० ची निव्वळ तुलना करून निकाल देणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण तरी करून पाहावं.)

आता दाव्यातलं शेवटचं वाक्य, मॅट्रिक्स खोटं बोलत नाही. खरी गोम तिथेच आहे. मॅट्रिक्समध्ये एक गृहीतक दडलेलं असतं: आज 'अ' पिणारा प्रत्येक जण सारखाच, त्याने आधी काय प्यायलं याला किंमत नाही. प्रत्यक्षात काही जण हाडाचे निष्ठावंत असतात आणि काहींना दोन्ही सारखेच.

समजा 'अ' च्या ४० पैकी ३२ जण कधीच बदलत नाहीत आणि ८ जण दर महिन्याला नाणं उडवल्यासारखे निवडतात. 'ब' च्या ६० पैकी ३६ पक्के, २४ नाणेवाले. पहिल्या महिन्यात 'अ' चे ३६ टिकले, म्हणजे ९० टक्के. 'ब' चे ४८ टिकले, म्हणजे ८० टक्के. मॅट्रिक्स तंतोतंत तेच आलं आणि 'अ' चा वाटाही ४८ झाला. पण पुढे? नाणेवाले एकूण ३२, त्यातले सरासरी १६ दर महिन्याला 'अ' कडे, अधिक ३२ पक्के. पुन्हा ४८, त्यापुढेही ४८. एकाच तक्त्यातून एक भाकीत ६६.७ चं निघतं आणि बाजार ४८ वर ठाण मांडून बसतो.

ही भानगड १९५५ सालीच नोंदली गेली होती. उद्योग बदलणाऱ्या अमेरिकी कामगारांचा अभ्यास करताना ब्लुमेन, कोगन आणि मॅकार्थी यांना दिसलं की बऱ्याच काळानंतर जागच्या जागी सापडणारी माणसं मार्कोव्ह साखळीच्या, म्हणजे फक्त आजची जागा पाहून पुढचं सांगणाऱ्या अशाच मॅट्रिक्सच्या, अंदाजापेक्षा जास्त निघतात. म्हणून त्यांनी 'फिरते' आणि 'स्थिर' असे दोन गट वेगळे धरले.

आपल्या आकड्यांत हे पकडता येतं. त्याच ग्राहकांना सलग तीन महिने विचारा. पहिल्या महिन्यात 'अ' घेणाऱ्यांपैकी तिसऱ्या महिन्यात किती 'अ' वर आहेत ते मोजा. मॅट्रिक्सचं उत्तर ८३ टक्के: ८१ टक्के दोन्ही वेळा टिकलेले, २ टक्के जाऊन परत आलेले. वरच्या पक्के-नाणेवाले बाजारात 'अ' च्या सुरुवातीच्या ४० जणांपासून मोजलं तर हाच आकडा ९० येतो. दर महिन्याला नवे लोक विचारले, तर हा फरक कधीच दिसणार नाही, कारण एकेका महिन्याचे वाटे कळतात, पण कोण कुठून कुठे गेलं ते कळत नाही.

तीन महिन्यांचा आकडा ८३ च्या आसपास आला, तरी आणखी एक पाहायचं राहतं: तक्ता भरला त्या महिन्यात 'अ' ची सवलत चालू होती का? असेल तर 'ब' कडून येणारे ते २० टक्के सवलतीने आणलेले असू शकतात. सवलत संपली आणि तो आकडा १० वर आला, तर मुक्काम ६६.७ वरून थेट ५० वर येतो.